गळतीचा दर: वर किती, खाली किती?

“आमच्याकडे गेल्या महिन्यात सोळा जण सोडून गेले. हे जास्त की कमी?”

कारखाना असो, रुग्णालय असो की कॉल सेंटर, माणसं सांभाळायचं काम ज्याच्याकडे आहे त्याला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. त्यावर उलट प्रश्न विचारावा लागतो: सोळा, पण कितीतले? चाळीस जणांच्या वर्कशॉपमधून सोळा गेले तर शटर ओढायची वेळ येईल. दोन हजारांच्या प्लांटमधून गेले तर शेजारच्या लाइनवरही कळणार नाही.

‘कितीतले’ हा प्रश्न सोपा वाटतो. मीही तो सोपाच समजत होतो. मग एका मासिक बैठकीत एकाच महिन्याच्या एकाच सोळा जणांसाठी तीन जणांनी तीन दर मांडले. भरतीवाल्याने ७.१ टक्के सांगितला, लेखा विभागाने ७.५ आणि प्रॉडक्शन मॅनेजरने ५.६. सोळा या आकड्याबद्दल कोणाचंच भांडण नव्हतं. गुणाकार-भागाकारही तिघांचे बरोबर होते. आणि तरी तिन्ही दर चुकीचे होते. खरा दर ८.१ होता.

तो ८.१ कसा निघतो आणि बाकीचे तिघं कुठे घसरले, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे नीटनेटके करून घेतले आहेत.

१. पट म्हणजे काय?

शाळेत दोन वेगळ्या गोष्टी असतात: पट आणि हजेरी. वर्गाचा पट साठ असतो. पावसामुळे आज चाळीसच मुलं आली, तर हजेरी चाळीस झाली, पण पट साठच राहिला. दाखला घेऊन गेलेलं मूल मात्र पटावरून कमी होतं.

कारखान्यातही तसंच. रजेवर असलेला, आजारी असलेला, गावी लग्नाला गेलेला माणूस गैरहजर असतो, गेलेला नसतो. गळती मोजताना आपण पट धरतो, हजेरी नाही. इंग्रजीत ज्याला हेडकाउंट म्हणतात तो हा पट.

गळतीचा दर म्हणजे मग साधा अपूर्णांक:

```
गळतीचा दर (%) = महिन्यात गेलेले ÷ महिन्याचा सरासरी पट × 100
```

अंशात गेलेले, छेदात सरासरी पट. वाद जवळजवळ नेहमी छेदावरून होतो, कारण पट महिनाभर एकसारखा राहत नाही. मग कोणत्या दिवसाचा पट घ्यायचा?

२. कँटीनवाल्याची सरासरी

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचा जून महिना घेऊ. १ जूनला पटावर २०० माणसं आहेत. सात तारखेपर्यंत पगार जमा होतो आणि पगार हातात पडला की जाणारे जातात, हे या पट्ट्यातल्या कोणत्याही सुपरवायझरला पाठ असतं. त्यात जून म्हणजे पेरणीचा महिना. १० जून हा दहा जणांचा शेवटचा दिवस ठरला. २० जूनला आणखी सहा गेले. लाइन रिकामी पडू लागली म्हणून घाईने भरती झाली आणि २६ जूनला आयटीआयची चाळीस मुलं एकदम रुजू झाली.

महिनाअखेरीस पट किती झाला? २०० मधून १६ गेले, ४० आले, म्हणजे २२४.

भरतीवाल्याने अखेरचा पट घेतला: १६ भागिले २२४, म्हणजे ७.१ टक्के. लेखा विभागाने सुरुवातीचा आणि अखेरचा पट मिळवून दोनाने भागला. २०० आणि २२४ यांची सरासरी २१२ आणि दर ७.५ टक्के. ही पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात आणि अनेकदा ती पुरतेही. इथे मात्र तिने फसवलं. का फसवलं ते कळण्यासाठी कँटीनवाल्याकडे जाऊ.

कँटीनवाला सरासरी वगैरे काढत बसत नाही. तो रोजची ताटं मोजतो. पटावरचा प्रत्येक माणूस रोज एक ताट जेवतो असं धरू. १ ते १० जून रोज २०० ताटं लागली, म्हणजे २,०००. अकरा ते वीस जून पट १९० होता, म्हणून दहा दिवसांची १,९०० ताटं. एकवीस ते पंचवीस या पाच दिवसांत पट १८४ वर आला, म्हणून ९२० ताटं. नवी मुलं आल्यावर शेवटचे पाच दिवस रोज २२४, म्हणजे १,१२० ताटं.

एकूण ५,९४० ताटं झाली. तीस दिवसांनी भागलं की येतात १९८. जूनचा खरा सरासरी पट हा आहे. दर निघतो १६ भागिले १९८, म्हणजे ८.१ टक्के.

आता लेखा विभागाचा घोटाळा लक्षात येईल. त्यांच्या २१२ या आकड्यात अखेरच्या २२४ चं वजन निम्मं आहे, जणू चाळीस मुलं अर्धा महिना कँटीनमध्ये जेवत होती. प्रत्यक्षात ती पाचच दिवस जेवली. महिन्याच्या दोन टोकांचे फोटो काढले आणि मधला महिना तसाच असेल असं गृहीत धरलं. ये-जा महिनाभर सारखी चालू असेल तर हे गृहीतक चालतं. मोठी तुकडी एकदम आली किंवा एकदम गेली की कोसळतं.

भरतीवाल्याची चूक त्याहून वाईट. अखेरचा पट छेदात घातला की भरती जितकी जोरात, गळती तितकी कमी दिसते. गेलेले सोळाच राहतात, छेद तेवढा फुगतो. गळका माठ वरून भरत राहिलात म्हणून भोक बुजत नाही. पण अखेरच्या पातळीकडे बघून गळती ठरवली, तर भोक लहान झाल्याचा भास नक्की होतो.

मग सुरुवातीचा पट का घेऊ नये? इथे तो घेतला असता तर १६ भागिले २००, म्हणजे ८ टक्के, जवळपास बरोबर उत्तर आलं असतं. तो मात्र योगायोग. नुकत्याच सुरू होणाऱ्या दुकानाचं उदाहरण घ्या. १ तारखेला वीस माणसं आहेत, दोन तारखेला शंभर रुजू होतात, पंधरा तारखेला त्यांतली दहा सोडून जातात. सुरुवातीच्या पटाने भागलं तर गळती ५० टक्के दिसते आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. ताटं मोजा: पहिल्या दिवशी २०, पुढचे चौदा दिवस रोज १२०, उरलेले पंधरा दिवस रोज ११०. एकूण ३,३५०, सरासरी जवळपास ११२ आणि दर ९ टक्के. जी शंभर माणसं सोडून जाऊ शकत होती ती छेदात धरलीच नव्हती, म्हणून पन्नास दिसले.

थोडक्यात, महिन्यातल्या रोजच्या पटाची बेरीज भागिले महिन्याचे दिवस, हा सर्वांत भरवशाचा छेद. रोजचा पट काढणं अशक्य असेल तर दर आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवसाचा पट घेऊन त्याची सरासरी काढा. तेही जमत नसेल तर दोन टोकांची सरासरी घ्या, पण त्या महिन्यात मोठी तुकडी आली-गेली असेल तर आकड्याखाली तसं लिहा.

संगणकावर हे काम अवघड नाही. एका पत्रकात B स्तंभात रुजू झाल्याची तारीख, C स्तंभात शेवटचा कामाचा दिवस (अजून कामावर असेल तर रिकामा) आणि D स्तंभात जाण्याचं कारण लिहायचं. G2 मध्ये हवी ती तारीख टाकली की त्या दिवसाचा पट असा मिळतो:

```
=COUNTIFS(B:B,"<="&G2,C:C,">="&G2)+COUNTIFS(B:B,"<="&G2,C:C,"")
```

पहिला भाग नंतर कधीतरी गेलेल्यांना मोजतो, दुसरा अजून असलेल्यांना. तीस तारखा खाली ओढल्या की तीस पट हाती येतात आणि त्यांची सरासरी काढायला AVERAGE पुरतं.

३. वर जे, तेच खाली

प्रॉडक्शन मॅनेजरचा ५.६ टक्के अजून राहिला. त्याने छेदात २८८ घेतले होते. हे आले कुठून? कंपनीच्या पटावरचे सरासरी १९८ आणि ठेकेदाराचे ९०. लाइनवर सगळे एकाच रंगाच्या गणवेशात असतात, म्हणून त्याच्या दृष्टीने सगळेच ‘आपली माणसं’. पण वरचे सोळा फक्त कंपनीच्या पटावरचे होते. ठेकेदाराची माणसं किती बदलली याची नोंद त्याच्याकडे नव्हतीच, ती ठेकेदाराच्या वहीत. खाली नव्वद माणसं अशी बसली की ज्यांना वर यायची वाटच नव्हती.

या प्रकरणातला एकच नियम लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा: छेदात तीच माणसं, जी गेली असती तर अंशात मोजली गेली असती. ठेकेदाराची माणसं धरायची असतील तर दोन्हीकडे धरा आणि त्यांचा दर वेगळा दाखवा. प्रशिक्षणार्थी धरायचे नसतील तर दोन्हीकडून वगळा.

हाच नियम तारखांनाही लागतो. राजीनामा २५ मेला दिला, नोटिशीचा काळ संपून शेवटचा दिवस १० जून झाला. हा माणूस मेचा की जूनचा? १० जूनपर्यंत तो कँटीनमध्ये जेवत होता, तोवर छेदात होता. म्हणून तो जूनमध्ये गेला. जाण्याची तारीख म्हणजे शेवटचा कामाचा दिवस, राजीनाम्याची तारीख नव्हे आणि हिशेब चुकता झाल्याची तर नव्हेच.

खरी डोकेदुखी न सांगता जाणाऱ्यांची. आमच्या उदाहरणातल्या सोळांपैकी चौघं २० जूननंतर आलेच नाहीत. राजीनामा नाही, फोन बंद. त्यांना पत्रं जातात, उत्तराची वाट पाहिली जाते आणि नाव पटावरून कमी होईपर्यंत जुलै उजाडतो. तोवर ही चार नावं पटावर भुतासारखी बसून छेद फुगवतात. मी वापरत आलो तो उपाय असा: नाव कमी झालं की शेवटच्या हजेरीची तारीख हीच जाण्याची तारीख धरायची आणि जूनचा दर १५ जुलैपर्यंत ‘कच्चा’ म्हणून ठेवायचा. कच्चा आकडा बदलला तर कोणी दचकत नाही. पक्का म्हणून सांगितलेला बदलला, तर पुढच्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही.

४. सोळा माणसं, चार कप्पे

दर ८.१ निघाला. आता मालक विचारतो, “पण का गेले?” इथे एकच आकडा मुका होतो. निवृत्त झालेला फोरमन आणि तीन महिन्यांत कंटाळून गेलेला मुलगा दोघंही त्या ८.१ मध्ये आहेत. पण एकाच्या जाण्यावर उपाय नाही, दुसऱ्याच्या जाण्यावर आहे.

म्हणून गेलेल्यांचे कप्पे करायचे. जूनच्या सोळांचे असे झाले: सात जणांनी राजीनामा दिला. चौघं न सांगता गेले. तिघांना कंपनीने कमी केलं, त्यांत दोघं परिवीक्षा काळात नापास ठरलेले आणि एक शिस्तभंगाचा. दोन नावं यांपैकी कशातच बसत नव्हती: एक निवृत्ती, एक मृत्यू. पहिले दोन कप्पे मिळून ‘स्वतःहून गेले’, तिसरा ‘कंपनीने काढले’, चौथा ‘इतर’.

अमेरिकेचं श्रमसांख्यिकी खातं दर महिन्याला देशभराची जी आकडेवारी काढतं, तिच्यातही हेच तीन मोठे कप्पे आहेत: स्वतःहून सोडणारे, कमी केलेले किंवा काढलेले आणि इतर. मात्र त्यांच्या ‘इतर’मध्ये निवृत्ती आणि मृत्यूबरोबर दुसऱ्या ठिकाणी झालेली बदलीही येते. बदलीचं गणित वेगळं का? चाकणहून नाशिकच्या प्लांटला गेलेला माणूस चाकणच्या पटावरून गेला, कंपनीच्या पटावरून नाही. चाकणचा दर काढताना तो गेलेला, पूर्ण कंपनीचा काढताना नाही. परत तोच नियम: छेद कोणाचा आहे ते पाहा.

प्रत्येक कप्प्याचा दर काढताना छेद एकच, १९८. स्वतःहून गेलेले अकरा, म्हणजे ५.६ टक्के. काढलेले तीन, म्हणजे १.५. इतर दोन, म्हणजे १.०. तिन्हींची बेरीज ८.१. छेद सारखा असल्यामुळे कप्प्यांची बेरीज एकूण दराइतकी येते, आणि तीच आपली पडताळणी. कधी दशांशाच्या शेवटच्या घरात ०.१ चा फरक पडतो, तो पूर्णांकनाचा, त्याची काळजी नको. त्याहून मोठा फरक दिसला तर एखादं नाव दोन कप्प्यांत पडलं आहे किंवा एकाही कप्प्यात नाही. म्हणून एक माणूस, एक मुख्य कारण, हे बंधन पाळायचं.

कप्पे कुठे पाडायचे याने गोष्ट किती बदलते, त्याचं उत्तम उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कमध्ये हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात सरासरी साडेतेरा हजारांच्या आसपास कामगार होते आणि वर्षभरात सोडून गेले पन्नास हजारांवर. वार्षिक गळती ३७० टक्के! त्या वर्षीच्या मार्च महिन्यातच सुमारे ७,३०० माणसं गेली. त्यांच्यातले सुमारे तेराशे काढले गेले होते. रीतसर सांगून सोडणारे नऊशेही नव्हते. उरलेले पाच हजारांहून अधिक ‘पाच दिवसवाले’ होते: न सांगता सलग पाच दिवस आले नाहीत म्हणून नाव कापलेले.

आता सांगा, हे पाच हजार ‘स्वतःहून गेले’ की ‘कंपनीने काढले’? नाव कापायचं काम कंपनीनेच केलं. तसं लिहिलं असतं तर अहवालात दिसलं असतं की आठांतला एकच माणूस स्वतःच्या मर्जीने गेला, बाकी सगळ्यांना आम्हीच काढलं. अडचण शिस्तीची ठरली असती आणि उपाय म्हणून आणखी कडक नियम आले असते. पण पाच दिवस न येणारा माणूस पायांनी राजीनामा देऊन गेलेला असतो. त्याला ‘स्वतःहून’मध्ये ठेवलं की दहांतले आठ स्वतः गेलेले दिसतात आणि प्रश्न कामाचा आणि पगाराचा ठरतो. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरचा मोबदला जाहीर केला, आधीच्या दुपटीहून जास्त, आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. त्या वर्षी गळती ५४ टक्क्यांवर आणि १९१५ मध्ये १६ वर आली. त्याच काळात डेट्रॉइटमध्ये नोकऱ्यांचा दुष्काळही होता, म्हणून सगळं श्रेय पाच डॉलरना देता येत नाही. पण आमचे ते चार न सांगता गेलेले ‘स्वतःहून’ या कप्प्यात का टाकले, ते आता कळलं असेल.

५. “साहेब, घरी जरा अडचण आहे”

कप्पे पाडले तरी आत जे टाकतो ते खरं असायला हवं. जाणाऱ्या माणसाकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यावर ‘कारण’ असा रकाना असतो आणि मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक फॉर्मांवर त्या रकान्यात दोनच शब्द असत: ‘वैयक्तिक कारण’.

एक मुलगा मला अजून आठवतो. तेवीस-चोवीसचा, प्रेस शॉपमधला. माझ्यासमोर बसून फॉर्म भरत होता आणि शेजारी त्याचा सुपरवायझर उभा होता.

“काय झालं रे?”

“साहेब, घरी जरा अडचण आहे.”

“आईवडील बरे आहेत ना?”

“हो साहेब, तसं काही नाही. जरा अडचण आहे.”

दोन महिन्यांनी तो पलीकडच्या प्लॉटवरच्या कंपनीच्या फाटकात भेटला, नव्या गणवेशात. मी हसलो, तोही हसला. “तिकडे रात्रपाळी सलग तीन आठवडे लागायची साहेब. सुपरवायझरसमोर कसं सांगणार?”

त्या दिवसानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. कारण विचारताना वरिष्ठ खोलीत नसेल. मोकळ्या रकान्याऐवजी सात-आठ कारणांची ठरलेली यादी असेल: पगार, पाळी, प्रवास, वरिष्ठांशी न पटणं, शिक्षण, गावी परत, घरची जबाबदारी, इतर. आणि हिशेब चुकता झाल्यावर, पैसे खात्यात पडल्यावर, महिन्याभराने एक फोन जाईल. पैसे अडकलेले असताना माणूस गोड बोलतो, मिळाल्यावर खरं बोलतो. ‘इतर’ आणि ‘वैयक्तिक’ मिळून यादीत सर्वांत मोठे ठरत असतील, तर कारणांचं ते पत्रक निर्णयासाठी वापरू नका.

सरकारी नोंदींतून कारण शोधायला जाल तर तिथेही निराशा होईल. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर माणूस गेल्याची नोंद करताना कारण निवडावं लागतं, पण पर्याय आहेत नोकरी संपली, निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व अशा धर्तीचे. राजीनामा देणारा आणि काढलेला दोघंही ‘नोकरी संपली’ याच एका घरात पडतात. ती नोंद पेन्शन आणि पैशांसाठी केलेली आहे, गळती समजण्यासाठी नाही.

६. दर वेगळा, वाटा वेगळा

कप्प्यांचं पत्रक वाचताना एक सापळा हमखास लागतो. जूनच्या सोळांपैकी अकरा स्वतःहून गेले, म्हणजे ६९ टक्के. हा वाटा आहे, दर नव्हे. वाट्याच्या छेदात गेलेली माणसं असतात, दराच्या छेदात पट.

समजा मेमध्ये सरासरी पट २०० होता, गेले २४ आणि त्यांपैकी स्वतःहून १२. मेचा वाटा ५० टक्के, जूनचा ६९. बैठकीत कोणीतरी म्हणणारच, “स्वतःहून जाणारे वाढले!” पण दर पाहा: मेमध्ये १२ भागिले २००, म्हणजे ६ टक्के आणि जूनमध्ये ५.६. स्वतःहून जाणारे उलट कमी झाले. वाटा वाढला तो मेमध्ये कंपनीने काढलेले जास्त होते आणि जूनमध्ये कमी, म्हणून. थाळीतली भाजी कमी वाढली तर पोळीचा वाटा मोठा दिसतो, पोळी मात्र तेवढीच असते.

७. महिन्यावरून वर्षाकडे

महिन्याला ८ टक्के, म्हणजे वर्षाला ९६ का? जूनवरून असा गुणाकार करू नये, कारण पेरणी, दिवाळी आणि छठपूजा यांमुळे महिने एकमेकांसारखे नसतात. बारा महिन्यांत गेलेल्यांची बेरीज करा आणि ती बारा महिन्यांच्या सरासरी पटांच्या सरासरीने भागा. वर्षभरात १५० गेले आणि सरासरी पट २०५ असेल, तर वार्षिक दर ७३ टक्के.

याचा अर्थ शंभरातले ७३ जुने चेहरे गेले असा नाही. तीस जागा वर्षात पाच-पाच वेळा रिकाम्या झाल्या आणि बाकीचे लोक जागचे हलले नाहीत, तरीही आकडा तोच येईल. म्हणून गेलेल्यांची नोकरी किती दिवसांची होती तेही लिहा. नव्वद दिवसांच्या आत जाणारे जास्त असतील तर दोष निवडीत आणि सुरुवातीच्या दिवसांत असतो. पाच वर्षांचे जुने जात असतील तर तो दुसरीकडे शोधावा लागतो. फोर्डचे ३७० टक्के कसे शक्य झाले, तेही यातून कळतं. त्याच जागा वर्षात वारंवार रिकाम्या होत होत्या.

वर्तमानपत्रातले आकडे वाचतानाही अंश तपासा. जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसची गळती २८.४ टक्के अशी बातमी होती. तो आकडा मागच्या बारा महिन्यांचा होता आणि फक्त स्वतःहून जाणाऱ्यांचा. सेबीने बड्या नोंदणीकृत कंपन्यांना जो जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे, त्यातल्या गळतीत मात्र बडतर्फी, निवृत्ती आणि मृत्यूही धरले जातात आणि छेदात वर्षाच्या दोन टोकांची सरासरी असते. एकाच कंपनीचे दोन दर त्यामुळे वेगळे दिसतील आणि दोन्ही खरे असतील.

छोट्या जागी मासिक दरावर फार विसंबू नका. बारा जणांच्या दवाखान्यातून एक परिचारिका गेली की ८.३ टक्के, पुढच्या महिन्यात शून्य. अशा ठिकाणी तीन महिन्यांत गेलेल्यांची बेरीज त्या तीन महिन्यांच्या सरासरी पटांच्या बेरजेने भागा. त्यातून मासिक सरासरी दर मिळतो आणि एका माणसाने आकडा उड्या मारत नाही.

८. सही करण्यापूर्वी

पत्रक वर पाठवण्याआधी तीन बेरजा करून पाहा. सुरुवातीचा पट अधिक आलेले वजा गेलेले, हे अखेरच्या पटाइतकं येतं का? आमच्या जूनमध्ये २०० अधिक ४० वजा १६, म्हणजे २२४, आलं. कप्प्यांतल्या माणसांची बेरीज एकूण गेलेल्यांइतकी आहे का? सात, चार, तीन आणि दोन मिळून सोळा, आहे. आणि मेचा अखेरचा पट जूनच्या सुरुवातीच्या पटाइतका आहे का? शेवटच्या प्रश्नावर अडखळलात तर कुठेतरी एखादं नाव पटावर भुतासारखं बसलेलं आहे. आधी ते शोधा, दर मग काढा.